गळका पाइप, गप्प मालक आणि दोन पत्रे

भाड्याच्या घरात पाणी गळू लागले की पहिला फोन मालकाला जातो. मालक म्हणतात, "बघतो." दुसऱ्या फोनला म्हणतात, "माणूस पाठवतो." तिसऱ्या फोनला फोन उचलत नाहीत. तोवर भिंतीचा रंग फुगलेला असतो, खालच्या मजल्यावरचे लोक रोज वर येऊन तोंड सोडत असतात आणि शेवटी भाडेकरू कंटाळून स्वतःच प्लंबर बोलावतो. बारा-तेरा हजारांचा खड्डा पडतो. मग तो मालकाला एक लांबलचक, संतापलेले पत्र लिहितो आणि पैसे मागतो. मालक दोनच वाक्यांत उत्तर देतात: "मला विचारून केले होते का? मी सांगितले नव्हते."

या दोन वाक्यांपुढे बहुतेक भाडेकरू हरतात, कारण त्यांच्याकडे एक कागद कमी असतो. दुरुस्तीचे पैसे मागणारे पत्र हे खरे तर दुसरे पत्र असते. त्याचे सगळे बळ पहिल्या पत्रात असते आणि ते पहिले पत्र दुरुस्तीच्या आधी मालकाच्या हाती पडलेले असावे लागते. महाराष्ट्रात तर कायद्यानेच हा क्रम ठरवून दिला आहे.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ साली झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम १४ मध्ये चार गोष्टी आहेत आणि त्या एकाच साखळीत आहेत. पहिली, घर राहण्याजोग्या स्थितीत ठेवणे हे मालकाचे काम आहे. मात्र भाडेकरूने करारात उलट काही कबूल केले असेल तर नाही. दुसरी, मालकाने दुरुस्ती टाळली तर भाडेकरूने त्याला लेखी नोटीस द्यायची. ती टपालाने द्या किंवा अन्य मार्गाने, पण मालकाला मिळायला हवी. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत मालकाने काही केले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो किंवा अन्य रीतीने वसूल करू शकतो. तिसरी, एका वर्षात अशी वळती किंवा वसुली त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त करता येत नाही. चौथी गोष्ट भाडेकरूच्या सर्वांत फायद्याची आहे आणि तीच फार कमी लोकांना माहीत असते. खर्च किती झाला हे ठरवताना भाडेकरूने ठेवलेला हिशेब आणि पावत्या हा निर्णायक पुरावा मानला जातो आणि तो मालकावर बंधनकारक असतो. म्हणजे नोटीस रीतसर दिली असेल, मुदत उलटली असेल आणि पावत्या नीट असतील, तर "एवढा खर्च होतच नाही" या वादाला फारशी जागा राहत नाही.

अडचण आहे ती १५ दिवसांची. फुटलेला पाइप पंधरा दिवस थांबत नाही. म्हणून कामाचे दोन भाग करावे लागतात. गळती थांबवणे हे तातडीचे आणि स्वस्त काम. ते त्याच दिवशी करायचे. भिंत फोडून पाइप बदलणे हे खर्चाचे काम. ते मुदत उलटल्यावर करायचे. हे कसे जमवायचे ते एका उदाहरणात पाहू.

पाणी येते कुठून

समजा, नाशिकमधली एक जुनी दुमजली इमारत आहे. खाली दुकान, वर भाडेकरूचे कुटुंब. भाडे महिना ६,००० रुपये, भाडेपावती दरमहा मिळते, दुरुस्तीबद्दल करारात काही लिहिलेले नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला न्हाणीघराच्या भिंतीचा रंग फुगतो आणि दुकानाच्या छतातून पाणी ठिबकू लागते.

पत्र लिहिण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर हवे: गळते आहे ते भिंतीतल्या पाण्याच्या लाइनमधून की सांडपाण्याच्या वाटेतून? यावरच दुरुस्ती कोणाच्या गळ्यात पडणार ते ठरते. जाळी साफ न ठेवल्यामुळे तुंबलेले पाणी खाली झिरपत असेल तर मालक बोट दाखवणारच. भिंतीत पुरलेला जुना लोखंडी पाइप गंजून फुटला असेल तर त्यात भाडेकरूचा हात नाही.

तपासणी अवघड नाही. सांडपाण्याची गळती वापराबरोबर वाढते आणि वापर थांबला की काही तासांत कमी होते. पाण्याच्या लाइनची गळती मात्र टाकीत पाणी आहे तोवर रात्रंदिवस चालू राहते. आमच्या उदाहरणात प्लंबरने आधी गच्चीवरच्या टाकीतून न्हाणीघराकडे येणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला. तासाभरात दुकानातली ठिबक मंदावली आणि संध्याकाळपर्यंत थांबली. मग न्हाणीच्या जाळीत बादलीभर रंगीत पाणी ओतून पाहिले. खाली रंगाचा एक थेंबही उतरला नाही. म्हणजे दोष भिंतीतल्या जीआय पाइपमध्ये. या दोन्ही तपासण्यांचे मोबाइलवर व्हिडिओ घेतले आणि प्लंबरकडून त्याच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून घेतल्या: न्हाणीघराच्या भिंतीतला अर्धा इंची जीआय पाइप गंजून फुटला आहे, लाइन बदलावी लागेल, अंदाजे खर्च १३,००० रुपये.

त्याच दिवशी प्लंबरने न्हाणीघराकडे जाणारी लाइन तोडून तिला टोपी बसवली. स्वयंपाकघराचा नळ चालू राहिला. या कामाचे ५०० रुपये झाले. पुढचे दोन-अडीच आठवडे घरातली सगळी माणसे स्वयंपाकघरातून बादल्या भरून आंघोळी करणार होती. गैरसोय खरीच, पण दुकानदाराचे नुकसान थांबले आणि १५ दिवस थांबायला वेळ मिळाला.

पहिले पत्र

पहिल्या पत्रात पैसे मागायचे नसतात. मालकाला दुरुस्ती करायची संधी द्यायची असते, आणि ती दिली हे सिद्ध करता यायला हवे. पत्र अर्ध्या पानाचे पुरते. काय बिघडले आहे, कधीपासून, प्लंबरने काय सांगितले, अंदाजे खर्च किती, तात्पुरते काय केले आहे, आणि शेवटी हे एक वाक्य: "ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत आपण दुरुस्ती न केल्यास मी ती करून घेईन आणि खर्च महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे भाड्यातून वळता करीन." कामाच्या वेळी घर उघडे मिळेल, असेही लिहावे. म्हणजे "भाडेकरू दारच उघडत नव्हता" ही सबब उरत नाही.

पत्र कोणाच्या नावाने, यात बऱ्याच जणांची चूक होते. भाडे मालकाचा भाऊ किंवा मुनीम घेऊन जातो म्हणून त्यालाच पत्र दिले जाते. भाडेपावतीवर ज्याचे नाव आहे त्याच्या नावाने आणि त्याच्या पत्त्यावर पत्र जायला हवे. मालक मयत असून पावत्या अजून त्यांच्याच नावाने फाटत असतील, तर भाडे घेणाऱ्या सर्व वारसांची नावे लिहावीत.

पाठवण्याचे दोन मार्ग एकदम वापरावेत. एक प्रत टपालाने, नोंद आणि पोच मिळेल अशी. जुने रजिस्टर्ड पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, त्यामुळे आता खिडकीवर नोंदणीसह स्पीड पोस्ट मागावे लागते. पावती जपून ठेवावी आणि संकेतस्थळावरची 'डिलिव्हर्ड' ही नोंद तारखेसह छापून घ्यावी. दुसरी प्रत व्हॉट्सॲपवर फोटोच्या रूपाने. मालकाने टपाल घ्यायला नकार दिला आणि पाकीट 'नाकारले' असा शेरा घेऊन परत आले, तरी घाबरायचे कारण नाही; बरोबर पत्त्यावर पाठवलेले पत्र नाकारले तर ते मिळालेच असे न्यायालये धरतात. ते पाकीट मात्र फोडू नये, तसेच ठेवावे.

आमच्या उदाहरणात पत्र ३ फेब्रुवारीला टाकले आणि ५ फेब्रुवारीला मालकांना मिळाले. १५ दिवस मोजायचे ते मिळाल्याच्या तारखेपासून, पत्र टाकल्याच्या तारखेपासून नव्हे. म्हणजे २० फेब्रुवारी हा शेवटचा दिवस. मालकांनी व्हॉट्सॲपवर "पाहतो" एवढे लिहिले आणि पुढे काही नाही. हा एक शब्दही कामाचा आहे, कारण नोटीस पोचली आणि त्यांनी ती वाचली हे त्यातून दिसते. तो संदेश पुसला जाणार नाही याची काळजी घ्यावी आणि फोन बदलला तरी जुना फोन सांभाळावा. प्रकरण न्यायालयात गेलेच तर अशा संदेशांसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ उपकरण हाताशी असले की ते सोपे जाते.

काम आणि बिल

२१ आणि २२ फेब्रुवारीला काम झाले. भिंत फोडल्यावर जुना पाइप बाहेर निघाला तेव्हा सांध्याजवळ गंजाचा मोठा फुगवटा होता आणि बोटाने दाबला तर तुकडे पडत होते. तो वीतभर तुकडा भाडेकरूने कापून घेतला, त्याला तारखेची चिठ्ठी बांधली आणि पाइप भिंतीत असतानाचा, बाहेर काढल्यावरचा व नवी लाइन टाकल्यावरचा असे तीन फोटो काढून ठेवले. प्लंबर जुना पाइप भंगारात नेतो. तो त्याला न देता ठेवून घेणे एवढेच काम. पण "पाइप चांगला होता, उगाच बदलला" या म्हणण्याला त्याहून चांगले उत्तर नाही.

बिलात गल्लत होते ती इथे. भिंत फोडलीच आहे तर चांगला मिक्सर बसवून घेऊ, असे घरात ठरते. जुना साधा नळ जाऊन २,४०० रुपयांचा मिक्सर येतो आणि सगळ्याचे मिळून १५,३०० रुपयांचे एकच बिल होते. मालकापुढे हे बिल गेले की त्यांची नजर मिक्सरवर पडते आणि मग सगळ्याच बिलावर संशय घेतला जातो. सुधारणा वेगळी आणि दुरुस्ती वेगळी. मिक्सरचे बिल वेगळे करून ते आपणच भरायचे.

कोणती दुरुस्ती कोणाची, याची एक सोयीची यादी केंद्राच्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या मसुद्यात मिळते. केंद्रीय मंत्रिमंडळाने तो २ जून २०२१ रोजी मंजूर केला. राज्यांनी स्वीकारला तरच तो तिथे लागू होतो. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो. तरी मालकाशी बोलताना ती यादी उपयोगी पडते. तिच्यात गरज पडल्यास पाइप बदलणे आणि प्लंबिंगचे काम मालकाकडे आहे. तर नळ व त्याचे वायसर बदलणे, सांडपाण्याची वाट साफ करणे, बेसिन, संडास आणि गीझर यांची दुरुस्ती ही भाडेकरूकडे. मिक्सर या यादीप्रमाणेही भाडेकरूच्याच बाजूला जातो.

बिलांवर तारीख, घराचा पत्ता, कामाचे वर्णन आणि सही हवी. सामानाचे हार्डवेअरच्या दुकानातले छापील बिल, मजुरीची प्लंबरची पावती आणि गवंड्याची पावती वेगवेगळी असावी. पैसे यूपीआयने दिले की तारीख आणि रक्कम आपोआप नोंदली जाते. गवंडी छापील पावती देत नसेल, तर साध्या कागदावर काम आणि रक्कम लिहून त्याची सही व मोबाइल क्रमांक घ्यावा.

दुसरे पत्र

आता पैसे मागणारे पत्र. ते एका पानात बसावे. त्यात राग नको, जुन्या तक्रारी नकोत, "माझ्या आईला संधिवात आहे" हेही नको. ते सगळे खरे असेल, पण त्यामुळे रक्कम वाढत नाही आणि मूळ मुद्दा झाकला जातो. मालकांना आणि पुढे कधी वाचावे लागले तर न्यायाधीशांना, तारखा आणि आकडे एका नजरेत दिसावेत. आमच्या उदाहरणातले पत्र असे:

दिनांक : २५ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. श्री. (भाडेपावतीवरील नाव व पत्ता)

विषय : न्हाणीघरातील पाण्याची लाइन बदलण्याचा खर्च रु. १२,९००/- मिळणेबाबत, कलम १४, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९.

सादर नमस्कार.

आपल्या इमारतीतील पहिल्या मजल्यावरील घरात मी दरमहा रु. ६,०००/- भाड्याने राहतो. न्हाणीघराच्या भिंतीतील पाण्याचा पाइप फुटल्याबाबत मी आपणांस ३ फेब्रुवारी रोजी लेखी नोटीस पाठवली होती. ती आपणांस ५ फेब्रुवारी रोजी मिळाली. नोटिशीतील १५ दिवसांची मुदत २० फेब्रुवारी रोजी संपली. या काळात आपणांकडून दुरुस्ती झाली नाही.

त्यामुळे २१ व २२ फेब्रुवारी रोजी मी दुरुस्ती करून घेतली. खर्चाचा तपशील असा :

१. सीपीव्हीसी पाइप, जोड व चिकटद्रव्य – रु. ३,१५०/-
२. भिंतीतील स्टॉप कॉक – रु. ८५०/-
३. जुनी लाइन काढून नवी टाकण्याची मजुरी – रु. ४,५००/-
४. गवंडीकाम, वॉटरप्रूफ प्लास्टर व फरश्या – रु. ३,८००/-
५. डबर उचलणे – रु. ६००/-
एकूण – रु. १२,९००/-

नव्या मिक्सरचा खर्च मी स्वतः केला असून तो वरील रकमेत धरलेला नाही.

वर्षाचे भाडे रु. ७२,०००/- असून त्याचा एक चतुर्थांश रु. १८,०००/- होतो. मागणीची रक्कम या मर्यादेच्या आत आहे.

ही रक्कम हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत द्यावी, ही विनंती. तसे न झाल्यास मार्च, एप्रिल व मे २०२६ या तीन महिन्यांच्या भाड्यातून प्रत्येकी रु. ४,३००/- वळते करून उरलेले दरमहा रु. १,७००/- मी वेळेवर जमा करीन. जूनपासून पूर्ण भाडे नियमित देईन.

नोटिशीपूर्वी गळती तात्पुरती बंद करण्यासाठी रु. ५००/- खर्च झाला. त्यामुळे आपल्या इमारतीचे व खालील दुकानाचे पुढील नुकसान टळले. ही रक्कम मी भाड्यातून वळती करत नाही. ती आपण वेगळी द्यावी, ही विनंती.

जुना पाइप माझ्याकडे जपून ठेवला आहे. आपण केव्हाही पाहू शकता.

आपला,
(सही)
भाडेकरू, पहिला मजला

सोबत : नोटिशीची प्रत, टपालाची पावती व पोच, प्लंबरचा लेखी अभिप्राय, बिलांच्या छायाप्रती, फोटो.

या पत्रात ५०० रुपये वेगळे का काढले? ते खर्च झाले तेव्हा नोटीस गेलेली नव्हती, मुदतीचा तर प्रश्नच नव्हता. कलम १४ चा क्रम त्या रकमेला लागू पडत नाही. ती १२,९०० मध्ये मिसळली असती तर मालकांना सगळी वळतीच बेकायदा म्हणायला जागा मिळाली असती. मात्र ती सोडूनही द्यावी लागत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७० सांगते की एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केले, ते फुकट करण्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई द्यावी. ती मागणी म्हणून मागता येते. भाड्यातून परस्पर कापता येत नाही.

तीन महिन्यांत वळती करण्यामागेही विचार आहे. दोन महिने भाडे पूर्ण बंद आणि तिसऱ्या महिन्यात थोडे, असे केले की मालकाच्या खात्यात भाडे थकलेले दिसते. दरमहा काहीतरी रक्कम ठरल्या तारखेला जमा होत राहिली आणि प्रत्येक वेळी "कलम १४ प्रमाणे ४,३०० वळते करून" असा संदेश गेला, तर थकबाकीचा आरोप टिकणे कठीण होते. भाडे थकल्याच्या कारणावरून घर खाली करण्याचा दावा लावायचा तर मालकाला आधी लेखी मागणी करून ९० दिवस थांबावे लागते. अशी मागणी आलीच तर ती बाजूला टाकून न देता लगेच वकिलांकडे जावे, कारण ते ९० दिवस भाडेकरूच्या बचावासाठी असतात. वळतीबद्दल मनात थोडी जरी शंका असेल, तर भाडे पूर्ण भरत राहावे आणि खर्चाची रक्कम वेगळी मागावी. कायद्याने दोन्ही वाटा दिल्या आहेत.

लिव्ह अँड लायसन्सवाल्यांचे काय

इथवरचे सगळे भाडेकरूंसाठी झाले. पुण्यामुंबईत आज बहुतेक लोक अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतात आणि तोंडी स्वतःला भाडेकरू म्हणवतात. कायद्याच्या नजरेत ते परवानाधारक आहेत. कलम १४ मध्ये 'भाडेकरू' हा शब्द आहे; ते कलम पुढे करून परवानाधारकाने दरमहाच्या रकमेतून परस्पर पैसे कापले, तर मालक करार मोडल्याचे म्हणू शकतो आणि करारातल्या एक महिन्याच्या नोटिशीवर घर खाली करायला सांगू शकतो.

परवानाधारकाचा कायदा म्हणजे त्याचा करार. छापील करारांत बहुधा असे कलम असते की किरकोळ दुरुस्ती परवानाधारकाने करावी आणि मोठी मालकाने. भिंतीतली लाइन बदलणे किरकोळ नव्हे, हे त्या कलमाचा आधार देऊन पत्रात लिहावे. पहिले पत्र इथेही हवेच, पण त्यात वळतीची धमकी न देता एक प्रश्न विचारावा: "मी दुरुस्ती करून घेऊ का, आणि खर्च पुढील महिन्याच्या रकमेतून वजा करू का?" मालकाने व्हॉट्सॲपवर "हो, करा" एवढे लिहिले की तोच आधार झाला. होकार आला नाही आणि पाणी थांबवणे भाग पडले, तर दुसऱ्या पत्रात कलम १४ ऐवजी करारातले कलम आणि करार कायद्याचे कलम ७० लिहून रक्कम मागावी. करार नोंदवलेला नसेल तर ती चूक मालकाच्या अंगावर येते. करार लेखी करून नोंदवणे ही मालकाची जबाबदारी आहे आणि तसे केले नसेल तर अटी काय होत्या याबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, घर घेणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

फ्लॅट गृहनिर्माण संस्थेत असेल तर आणखी एक कागद कामी येतो. फ्लॅटच्या आतल्या गळतीची दुरुस्ती त्या सभासदाकडे आणि इमारतीच्या बाहेरून जाणाऱ्या सामायिक पाइपांची दुरुस्ती संस्थेकडे, असाच आदर्श उपविधींचा साधारण रोख आहे. खालच्या फ्लॅटच्या तक्रारीवरून संस्था नोटीस काढते ती सभासदाच्या, म्हणजे मालकाच्या नावाने. तिची प्रत मिळवावी. गळतीची तारीख आणि ठिकाण त्रयस्थाच्या शब्दांत त्यात नोंदलेले असते.

पागडीच्या घरात आकडे उलटतात

कलम १४ खरे तर जुन्या भाडेकरूंसाठी आहे, पण मुंबईच्या पागडीच्या घरांत ते सर्वांत कमी उपयोगी पडते. समजा, भाडे महिना ४०० रुपये आहे. वर्षाचे ४,८००, त्याचा चौथा हिस्सा १,२००. वर दिलेली १२,९०० रुपयांची दुरुस्ती याच वेगाने वसूल करायला जवळजवळ अकरा वर्षे लागतील. ही मर्यादा वळतीला आहे तशीच वसुलीलाही आहे, त्यामुळे दावा लावूनही ती ओलांडता येत नाही. अशा इमारतीत सामायिक लाइन फुटली असेल तर सगळ्या भाडेकरूंनी मिळून नोटीस द्यावी. कायद्यात एकत्र नोटिशीची सोय आहे आणि प्रत्येकाचा वाटा त्याच्या भाड्याच्या प्रमाणात धरला जातो. तरीही पूर्ण रक्कम परत मिळेल या आशेवर पैसे खर्च करू नयेत. पहिल्या पत्राने मालकाला कामाला लावणे हाच तिथे खरा उपयोग.

मालक काय म्हणतात

दुसऱ्या पत्रानंतर तीन प्रकारची उत्तरे येतात. "माझ्या ओळखीच्या प्लंबरने आठ हजारांत केले असते" याचे उत्तर पहिल्या पत्रात आहे. १३,००० चा अंदाज त्यांना मुदतीआधीच कळवला होता आणि स्वतःचा प्लंबर पाठवायला १५ दिवस होते. "तुम्हीच नळ जोरात बंद करून पाइप तोडला" याला वीतभर गंजलेला तुकडा पुरतो. तिसरे उत्तर तोंडी असते: "बरं, डिपॉझिटमधून घेऊ." हे सहज कबूल करू नये. डिपॉझिट घर सोडताना मिळते आणि त्या दिवशी रंग, सफाई, फुटलेली काच असे हिशेब निघतात. दुरुस्तीची रक्कम त्यात विरघळून जाते. कबूल करायचेच असेल तर "डिपॉझिटमध्ये रु. १२,९००/- ची वाढ धरली" असे लिहून घ्यावे.

कशानेच काम झाले नाही तर मुंबईत लघुवाद न्यायालयात आणि अन्यत्र त्या ठिकाणच्या लघुवाद किंवा दिवाणी न्यायालयात दाद मागता येते. पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. पण तेरा हजारांसाठी दावा लावला तर वकिलाची फी आणि फेऱ्या यांतच रक्कम संपू शकते, हे आधी मोजून घ्यावे. म्हणूनच हे प्रकरण पत्रांवरच मिटवणे दोघांच्याही हिताचे असते.

प्रकरण मिटले, मालकांनी वळती मान्य केली, तरी एक काम उरते. मार्च, एप्रिल आणि मेच्या भाडेपावत्यांवर नुसते "रु. १,७००/- मिळाले" असे लिहून घेतले, तर कागदावर दरमहा ४,३०० रुपये थकलेले राहतात. दोन वर्षांनी घराची वाटणी झाली किंवा इमारत विकली गेली की नवा मालक नेमके तेच आकडे पुढे करतो. तिन्ही पावत्यांवर "भाडे रु. ६,०००/- पैकी दुरुस्तीचे रु. ४,३००/- वळते, रोख रु. १,७००/- मिळाले, बाकी नाही" असे लिहून त्याखाली मालकांची सही घ्यावी.